शाळेला वह्या-स्टेशनरीचं प्रस्ताव पत्र कसं लिहायचं, नमुन्यांपासून माल पोचवायच्या तारखांपर्यंत

तालुक्याच्या गावात माझं स्टेशनरीचं दुकान आहे आणि गेली काही वर्षं मी दोन-तीन शाळांना वह्या देतो. पहिल्या वर्षी मी जे पत्र दिलं होतं ते आत्ता वाचलं की हसू येतं, "आपल्या नावाजलेल्या शाळेस उत्कृष्ट दर्जाचे साहित्य वाजवी दरात पुरविण्याची संधी द्यावी ही नम्र विनंती" वगैरे, आणि खाली फोन नंबर. कुठली वही, किती पानांची, कितीला, कधी देणार, यातलं एक अक्षर नाही. ते पत्र अर्थातच फायलीत गेलं. मुख्याध्यापकांकडे जानेवारीपासून अशी पत्रं येतच असतात, त्यांना ठरवायला काहीच न देणारं पत्र ते तरी काय करणार.

इथे मी एकच केस घेतो, मराठी माध्यमाची खासगी अनुदानित शाळा, ५वी ते १०वी, पट ५४०, आणि शाळेत विद्यार्थी ग्राहक भांडार आहे, म्हणजे शाळा स्वतःच्या पैशाने वह्या वाटत नाही, पालक भांडारातून विकत घेतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत गोष्ट वेगळी असते, तिथे खर्च शाळा व्यवस्थापन समितीपुढे जातो आणि बहुतेक वेळा तीन कोटेशन मागवतात, तिथे तुमचं पत्र हे त्या तिनातलं एक असतं. पण पत्राचा गाभा दोन्हीकडे तोच.

पत्राआधी शाळेत एक चक्कर

पत्र लिहायला बसायच्या आधी शाळेत जाऊन या, पण मुख्याध्यापकांना भेटायला नाही. भांडार सांभाळणारे सर किंवा मॅडम आणि ऑफिसातले क्लार्क, या दोघांना भेटा. तीन गोष्टी विचारायच्या. इयत्तावार पट किती, गेल्या वर्षी भांडारातून साधारण किती मुलांनी वह्या घेतल्या, आणि कुठल्या इयत्तेला कुठल्या रेघांची वही लागते. ही तिसरी गोष्ट लोक विचारत नाहीत आणि तिथेच फसतात. पाचवीच्या इंग्रजीच्या मॅडमना चाररेघीच हवी असते, गणिताच्या सरांना चौकटी हवी असते, आठवीच्या पुढे बहुतेक सगळं एकरेघी, आणि विज्ञान-भूमितीला एक बाजू कोरी एक बाजू रेघांची (दुकानात आपण इंटरलीफ म्हणतो ती). तुम्ही सरसकट एकरेघीचा दर दिलात तर शिक्षक म्हणणार याला आमच्या शाळेचं काही माहीत नाही.

गेल्या वर्षीचा खप विचारताना एक लक्षात ठेवा, २०२३-२४ पासून दोन वर्षं २री ते ८वीच्या पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पानं घातलेली होती, २०२५-२६ पासून ती बंद झाली. म्हणजे त्या दोन वर्षांतले खालच्या इयत्तांचे खपाचे आकडे धरून हिशेब केलात तर कमी माल मागवाल.

आमच्या केसमध्ये पट ५४० होता पण भांडारातून घेणारी मुलं ४०० च्या आसपास, बाकीचे बाहेरून घेतात किंवा दादा-ताईच्या उरलेल्या वह्यांची पानं शिवून वापरतात. त्यामुळे मी ४०० संच धरले, आठवी ते दहावी २०० आणि पाचवी ते सातवी २००, प्रत्येक संचात ८ वह्या. एकूण ३२०० वह्या. पटाएवढे संच धरायची चूक करू नका, उरलेल्या वह्या जुलैत तुमच्याच दुकानात परत येतात.

वहीचं वर्णन

पत्रात "२०० पानी वही" असं लिहू नका. गिऱ्हाईक बोलताना दोनशे पानी म्हणतं ते ठीक, पण पत्रात पृष्ठांचा नेमका आकडा टाका, कारण कव्हर आणि अनुक्रमणिका धरून मोजायचं की सोडून यावरून नंतर वाद होतो. मी लिहितो, "१७६ पृष्ठे म्हणजे ८८ कागद, कव्हर सोडून". साइज सेंटिमीटरमध्ये, किंग साइज म्हणजे २४ × १८. कागद किती जीएसएमचा तेही लिहा. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, शाळेच्या वह्यांत ५२-५४ पासून ६०-७० पर्यंत सगळं मिळतं. कमी जीएसएमला शाई मागे फुटते आणि खोडताना कागद फाटतो, म्हणून दरात दोन-तीन रुपयांचा फरक पडतो.

आता गंमत अशी की जीएसएम कव्हरवर छापलेला असला तरी आत तोच असेल असं नाही, आणि ते घरच्या वजनकाट्यावर कळतं. किंग साइजचा एक कागद ०.२४ गुणिले ०.१८, म्हणजे ०.०४३२ चौरस मीटर. असे ८८ कागद म्हणजे ३.८ चौरस मीटर. कागद ५८ जीएसएमचा असेल तर आतल्या पानांचं वजन साधारण २२० ग्रॅम यायला हवं. तोच ५२ जीएसएमचा असेल तर १९८ च्या आसपास. बावीस ग्रॅमचा फरक साध्या डिजिटल काट्यावरही दिसतो. एका वहीच्या पिना काढा, कव्हर बाजूला करा, आणि आतली पानं तोला. पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि थोडा जड भरतो, त्यामुळे ही तपासणी उन्हाळ्यात करावी, आणि पाच-सहा ग्रॅमवरून कारखानदाराशी भांडू नये.

नमुने

नमुना म्हणजे दुकानातली एक वही उचलून पत्रावर ठेवणं नाही. मी दोनच प्रतीचे नमुने नेतो, एक ५८ जीएसएमचा आणि एक त्याहून हलका-स्वस्त. तीन-चार प्रती ठेवल्या की निर्णय लांबतो, आणि एकच ठेवला की "अजून काही दाखवा" होतं. दोन्ही प्रतींत शाळेला लागणाऱ्या प्रत्येक रेघांची एकेक वही. प्रत्येकीच्या मागच्या कव्हरवर चिठ्ठी, तिच्यावर नमुना क्रमांक, पृष्ठं, साइज, जीएसएम, दर. हाच क्रमांक पत्रात असतो, म्हणजे वाचणाऱ्याला पत्र आणि वही जुळवता येते.

तिथे बसल्या बसल्या दाखवायच्या दोन गोष्टी. एक, शिक्षकांच्याच जेल पेनने अर्धं पान लिहायला सांगा आणि पान उलटून दाखवा. दोन, पेन्सिलने लिहून त्याच जागी पाच वेळा खोडायला सांगा. हलक्या कागदावर तिसऱ्या-चौथ्यांदा केस उठतात. यानंतर तुम्हाला दर्जाबद्दल बोलायची गरजच पडत नाही. वही मधोमध उघडून पिना बघायला द्या, पिना आतून नीट वळलेल्या नसतील तर मुलांच्या बोटाला लागतात आणि मधली पानं सप्टेंबरातच सुटतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मंजूर झालेल्या नमुन्याच्या दोन वह्यांवर मुख्याध्यापकांची आणि तुमची सही, तारीख, शिक्का. एक शाळेच्या कपाटात, एक तुमच्याकडे. हे मी ठेच लागल्यावर शिकलो. एका वर्षी नमुना चांगला दिला, ऑर्डर मिळाली, आणि जूनमध्ये कारखान्यातून आलेल्या मालात कागद पिवळसर आणि पातळ. मी गठ्ठे न उघडता तसेच शाळेत पोचवले, कारण घाई. दोन दिवसांनी भांडाराच्या मॅडमनी फोन करून विचारलं, "दादा, दाखवलेली वही वेगळी होती ना हो?" माझ्याकडे नमुना शिल्लक नव्हता, कारखानदार म्हणाला हाच कागद ठरला होता, आणि मी मधल्यामधे. शेवटी वहीमागे तीन रुपये सोडून मिटवलं, त्या वर्षी नफा शून्य. आता मी सही केलेली वही कारखानदारालाही दाखवतो आणि माल आला की कुठल्याही पाच गठ्ठ्यांतून एकेक वही काढून तोलतो, मगच गाडी भरतो.

दर काढताना

खालचे आकडे माझ्या त्या केसचे आहेत, तुमच्याकडे खरेदी वेगळी पडेल, पण रीत बघा. वही मला २८ रुपयांना पडली, शाळेला ३४ ला दिली. वरवर सहा रुपये सुटतात. त्यातून गरजू मुलांसाठी दर २० संचांमागे १ संच फुकट द्यायचं कबूल केलं होतं, म्हणजे २० संच, १६० वह्या, ४४८० रुपये. तीन फेऱ्यांचं भाडं २४०० आणि संच बांधायची सुतळी-चिठ्ठ्या ४८० धरून २८८०. परत येणारा आणि खराब होणारा माल मी २२४० धरला. हे सगळं ३२०० वह्यांवर वाटलं की वहीमागे तीन रुपये जातात आणि तीन उरतात, एकूण ९६००. आणि त्यासाठी फुकटच्या धरून ३३६० वह्यांचे ९४,०८० रुपये महिना-दीड महिना अडकतात. हा हिशेब आधी केला नाही आणि पत्रात जोशात ३१ रुपये लिहून बसलात तर फुकट राबाल.

फुकट संचांचं मुद्दाम लिहितो. "शाळेला काय देणार" हा प्रश्न कुठे ना कुठे येतोच. त्याचं उत्तर पत्रातच, सगळ्यांना वाचता येईल असं द्यावं. कुणाच्या हातात काही द्यायचं नाही, जे द्यायचं ते वह्यांच्या रूपात आणि शाळेच्या नोंदवहीत चढेल असं. याने समोरच्या सरळ माणसाचीही सोय होते.

जीएसटीचं आता सोपं झालंय, २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिल, खोडरबर, शार्पनर यांवरचा कर शून्य झाला, कंपासपेटी ५ टक्क्यांत आली, पेनावर मात्र १८ टक्के आहेत. म्हणून पत्रात "दर सर्व करांसह" लिहायचं आणि वह्यांवर कर नाही हे वेगळं लिहायचं, कारण काही शाळांत अजून जुने १२ टक्के डोक्यात असतात आणि ते तुमच्या दरावर मनातल्या मनात बारा टक्के चढवतात. वह्यांवर कर नसल्याने त्यांच्या खरेदी-वाहतुकीत भरलेल्या कराचं क्रेडिटही मिळत नाही, तेवढं आपल्या खर्चात धरा.

दर किती दिवस टिकेल तेही लिहा. कागदाचे भाव हलतात. कारखानदाराकडून लेखी दर घेतल्याशिवाय जूनपर्यंतचा शब्द शाळेला देऊ नका.

कधी माल पोचवणार

बहुतेक प्रस्तावांत "मागणीनुसार त्वरित पुरवठा" असं असतं. मुख्याध्यापकांना भीती नेमकी याचीच असते की १५ जूनला शाळा भरेल आणि वह्या आलेल्या नसतील (विदर्भात शाळा उशिरा भरतात, तिथे सगळं दहा-पंधरा दिवस पुढे ढकला). म्हणून तारखा लिहा, आणि तारखा शाळेच्या कॅलेंडरवरून काढा. पत्र जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात द्या, त्यानंतर दहावीची प्रात्यक्षिकं आणि बोर्डाची परीक्षा सुरू झाली की कुणाला वेळ नसतो. निर्णय मार्चअखेर होतो. १ मेला निकाल घ्यायला पालक शाळेत येतात, त्या दिवशी मागणीची चिठ्ठी भरून घेतली तर जूनचा आकडा जवळपास पक्का कळतो. चिठ्ठी शाळेच्या परवानगीने आणि वर्गशिक्षकांमार्फत.

खेपा का पाडायच्या तर वजन. एक किंग साइज वही कव्हरसकट साधारण २४० ग्रॅम, ३२०० वह्या म्हणजे पाऊण टनाच्या वर. छोटा हत्ती एका खेपेत तेवढा भरला की ड्रायव्हर कुरकुरतो, शिवाय शाळेत एवढा माल एकदम ठेवायला कोरडी खोली नसते. दोन खेपा केल्या की प्रत्येक वेळी चारशे किलोच्या आत, दोन माणसं आणि एक शिपाई तासाभरात उतरवतात. वरच्या इयत्ता आधी, कारण दहावीचे जादा तास लवकर सुरू होतात. तिसरी छोटी खेप जूनअखेर, नवीन प्रवेश आणि "आईने आधी नको म्हटलं होतं" वाल्यांसाठी. चौथी दिवाळीनंतर, दुसऱ्या सत्राच्या सुट्या वह्यांची.

संच दुकानातच बांधा, इयत्तेची चिठ्ठी लावून. सुट्या गठ्ठ्यांत माल टाकून आलात तर भांडाराच्या मॅडमना दोन दिवस वह्या निवडत बसावं लागतं आणि पुढच्या वर्षी त्या तुमचं नाव काढत नाहीत. आणि जून आहे, खाली प्लास्टिक अंथरूनच माल उतरवा, भिंतीला चिकटवून रचू नका.

आता पत्र

एकच पान. शाळेची स्तुती नाही, आपल्या दुकानाचा इतिहास नाही. मी दिलेलं पत्र थोडं साफ करून देतो.

दुकानाचं लेटरहेड (नाव, पत्ता, फोन, जीएसटी नोंदणी असेल तर क्रमांक)

दिनांक : १२ जानेवारी २०२६

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
(शाळेचे नाव व पत्ता)

विषय : सन २०२६-२७ साठी विद्यार्थी ग्राहक भांडारास वह्या व लेखन साहित्य पुरविण्याबाबत प्रस्ताव.

महोदय,

आपल्या शाळेच्या ५वी ते १०वीच्या विद्यार्थ्यांसाठी भांडारामार्फत वह्या व लेखन साहित्य पुरविण्याचा प्रस्ताव देत आहे. भांडारप्रमुखांकडून मिळालेल्या माहितीवरून अंदाजे ४०० संचांची गरज धरली आहे. अंतिम संख्या आपण कळवाल ती.

वही : किंग साइज, २४ × १८ सेंमी, १७६ पृष्ठे (८८ कागद, कव्हर सोडून), ५८ जीएसएम, नमुना क्र. १. दर प्रति वही रु. ३४. वह्यांवर जीएसटी लागू नाही.

संच, ५वी ते ७वी : एकरेघी ५, दुरेघी १, चाररेघी १, चौकटी १. एकूण ८ वह्या, रु. २७२.

संच, ८वी ते १०वी : एकरेघी ७, एक बाजू कोरी १. एकूण ८ वह्या, रु. २७२.

लेखन साहित्य (ऐच्छिक) : पेन्सिल २, पेन २, खोडरबर १, शार्पनर १. एकत्रित रु. ५०, सर्व करांसह.

कमी दराचा पर्याय म्हणून नमुना क्र. २ सोबत जोडला आहे. त्याचे वर्णन व दर चिठ्ठीवर आहेत.

माल पोचविण्याचे वेळापत्रक :
४ जून २०२६ : ८वी ते १०वी, २०० संच
९ जून २०२६ : ५वी ते ७वी, २०० संच
२५ जून २०२६ : वाढीव मागणी व बदलून द्यावयाच्या वह्या
दिवाळी सुट्टीनंतर शाळा सुरू झाल्यापासून ३ दिवसांत : दुसऱ्या सत्राच्या सुट्या वह्या

संच इयत्तानिहाय बांधून, शाळेत पोच दिले जातील. वाहतूक व उतराई खर्च दरात समाविष्ट आहे. मंजूर नमुन्याप्रमाणे नसलेल्या, पाने कमी असलेल्या किंवा खराब वह्या ७ दिवसांत बदलून दिल्या जातील. न विकलेले, न वापरलेले संच एकूण मालाच्या १० टक्क्यांपर्यंत ३१ जुलैपूर्वी परत घेतले जातील.

दर २० संचांमागे १ संच गरजू विद्यार्थ्यांसाठी विनामूल्य दिला जाईल, तो शाळेच्या नावे चलनावर दाखविला जाईल. साहित्य येथूनच घेण्याची पालकांवर कोणतीही सक्ती नसावी, ही आमचीही भूमिका आहे.

रक्कम प्रत्येक खेपेनंतर १५ दिवसांत भांडाराच्या धनादेशाने किंवा बँकेत जमा करून मिळावी. वरील दर ३० जून २०२६ पर्यंत कायम राहतील.

नमुने दाखविण्यासाठी आपण सांगाल त्या दिवशी येईन.

आपला विश्वासू,
(सही, नाव, दुकानाचा शिक्का)

सोबत : १) नमुना क्र. १ व २ च्या वह्या २) लेखन साहित्याचा एक संच

पत्रातल्या दोन ओळींबद्दल

सक्ती नसावी ही ओळ शोभेची नाही. अमुक दुकानातूनच घ्या म्हणून पालकांना भाग पाडायला शाळांना मनाई आहे आणि तक्रार झाली तर उत्तर मुख्याध्यापकांना द्यावं लागतं. तुमच्या पत्रात ती ओळ असेल तर त्यांना फाइलमध्ये दाखवायला कागद मिळतो. चिठ्ठीवरही "ऐच्छिक" छापा.

दुसरी ओळ परत घेण्याची. माझ्या मते पूर्ण पत्रात वजनदार ओळ हीच, कारण भांडारवाल्यांच्या डोक्यावरचं ओझं दराचं नसतं, उरलेल्या मालाचं असतं. पण ही ओळ लिहायची असेल तर कव्हरवर शाळेचं नाव छापून देतो असं चुकूनही म्हणू नका. नाव छापलेली वही दुसऱ्या कुणाला विकता येत नाही, आणि छापायला कमीत कमी संख्याही बरीच लागते. शाळेचा आग्रहच असेल तर छापील कव्हरच्या वह्या परत घेतल्या जाणार नाहीत असं वेगळं लिहा आणि अर्धी रक्कम आगाऊ मागा. पहिल्या वर्षी मी तर नाव-लोगोची चिठ्ठी देतो, मुलं ती स्वतः चिकटवतात.

पत्र दिल्यावर

पत्राच्या दोन प्रती न्या. क्लार्ककडे आवक नोंदवहीत चढवून दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. नुसतं टेबलावर ठेवून आलात तर मार्चमध्ये "तुमचं पत्र मिळालंच नाही" हे ऐकायची तयारी ठेवा. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायला हरकत नाही पण तो पोच म्हणून चालत नाही. आठ-दहा दिवसांनी आवक क्रमांक सांगून विचारायचं, "सर, नमुने दाखवायला कधी येऊ?" निर्णय झाला का असं विचारू नका, त्याला "बघू" एवढंच उत्तर असतं. नमुन्याला मात्र वार आणि वेळ मिळते. मधल्या सुट्टीची वेळ मागा, तेव्हा विषयशिक्षकही स्टाफरूममध्ये असतात आणि वही शेवटी तेच पसंत करतात.

होकार आला की तोंडी होकारावर कारखान्याला ऑर्डर देऊ नका. शाळेच्या लेटरहेडवर दोन ओळींचं मागणीपत्र घ्या, त्यात संख्या, दर, तुमच्या पत्राचा आवक क्रमांक. उन्हाळ्यात मुख्याध्यापकांची बदली किंवा निवृत्ती होते, ३१ मेला खुर्ची बदलते आणि नवीन सर म्हणतात मला काही माहीत नाही. माझ्या ओळखीच्या एकाच्या दीड हजार वह्या अशाच घरी पडल्या होत्या.

माल देताना चलनाच्या दोन प्रती, त्यावर इयत्तावार संच, फुकट संच वेगळ्या ओळीत, आणि शेवटी एक मोकळा रकाना, "कमी / खराब". तो रकाना शाळेच्या माणसाने भरायचा, काही नसेल तर "नाही" लिहून सही-शिक्का. पंचवीस जूनच्या खेपेला जाताना हीच चलनं बरोबर न्या, कुठल्या इयत्तेला किती बदलून द्यायच्या ते त्यावरून निघतं, आणि पहिल्या दोन खेपांचा चेक अजून निघाला नसेल तर त्याची आठवणही तिथेच, चलन टेबलावर ठेवून, करून देता येते.